कबुली आणि कबुलीजबाब

ऑगस्ट १९६३. तेव्हाच्या बिहारमधला अघ्नू नगेशिया स्वतःहून पोलीस ठाण्यात गेला आणि नात्यातल्या चौघांना आपण ठार मारल्याचे त्याने सांगितले. तेच त्या गुन्ह्याची फिर्याद म्हणून नोंदले गेले. मृतदेह आणि हत्यार कुठे आहे, तेही त्याने दाखवले. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला निर्दोष सोडले.

माणूस कबूल करतो, तरी पुरावा कशाला?

काही गोष्टींना पुरावा लागत नाही, हे खरेच आहे. देशातले कायदे, राजपत्रात जाहीर झालेल्या सुट्ट्या, देशाची भौगोलिक विभागणी यांची न्यायालय आपणहून दखल घेते. पंधरा ऑगस्टला सुट्टी असते हे सांगायला साक्षीदार आणावा लागत नाही. पण ‘त्या रात्री आमच्या गल्लीत दिवे गेले होते’ हे साऱ्या गल्लीला माहीत असले, तरी सिद्धच करावे लागते.

दिवाणी दाव्यात समोरच्याने मान्य केलेली गोष्टही सिद्ध करावी लागत नाही. ‘पैसे घेतले, पण फेडले’ असे कर्जदाराने कैफियतीत लिहिले, की पैसे घेतल्याचा पुरावा सावकाराला द्यावा लागत नाही; वाद उरतो तो फेडीचा. न्यायालयाला वाटले तर तरीही ते पुरावा मागू शकते. दाव्याबाहेर, एखाद्या पत्रात वगैरे दिलेली कबुलीही चालते. मात्र ती अखेरचा शब्द नसते. चुकून दिली गेली, असे देणारा दाखवू शकतो.

कबुलीजबाब म्हणजे आरोपीने गुन्हाच मान्य करणे. इथे कायदा सावध होतो, कारण कोठडीत मारहाण करून, धाक किंवा आमिष दाखवून तो काढता येतो. म्हणून पोलिसाला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. सर्वसाधारण कायद्यात अपवाद एकच. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा ग्राह्य. ‘कुऱ्हाड अमुक ठिकाणी लपवली आहे, दाखवतो’ हे चालते. ‘तिनेच मी मारले’ हे चालत नाही.

अघ्नूच्या फिर्यादीतले खुनाचे शब्द उच्च न्यायालयाने वगळले आणि हेतू, तयारी वगैरे बाकीचे भाग ग्राह्य धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तेही त्याच कबुलीजबाबाचे अवयव आहेत. मग उरले सापडलेले मृतदेह, हत्यार आणि रक्ताचे डाग असलेली चादर. त्यावरून खून त्यानेच केला हे ठरत नव्हते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात हे नियम कलम २३ मध्ये कायम आहेत. कबुलीजबाब द्यायचाच असेल तर तो दंडाधिकाऱ्यासमोर. तो देणे बंधनकारक नाही आणि दिला तर तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो, हे दंडाधिकाऱ्याने आधी सांगावेच लागते. ‘मला द्यायचा नाही’ असे आरोपी म्हणाला, तर त्याला पोलीस कोठडीत ठेवण्याची परवानगी दंडाधिकारी देऊ शकत नाही.