होकार देण्याआधीचा अर्धा तास

मंगळवारी संध्याकाळी ऑफर लेटर येतं. वर अभिनंदन, खाली वार्षिक १२ लाख सीटीसी, मग चार पानं अटी आणि अगदी शेवटी एक ओळ : शुक्रवार, १३ तारखेला सायंकाळी सहापर्यंत स्वीकृती न आल्यास हा प्रस्ताव रद्द समजावा. घरात पेढे येतात आणि पोर्टलवरचं ‘स्वीकार’ हे बटण त्याच रात्री दाबलं जातं. खरं तर तोवर उमेदवाराच्या हातात जेवढं बळ असतं, तेवढं पुढे कधीच नसतं. कंपनीने तीन-चार फेऱ्या घेऊन माणूस निवडलेला असतो, आणि तो हातचा गेला तर तिला सगळं पुन्हा सुरू करावं लागतं. होकार कळवला की हे बळ संपतं.

या तीन दिवसांत करण्याजोगी गोष्ट साधी आहे. एचआरला मेल करून अर्ध्या तासाचा फोन मागायचा, कोणत्या वेळी जमेल ते सांगायचं आणि कशाबद्दल बोलायचं तेही आधीच लिहायचं. अनेकांना वाटतं, असं विचारलं तर ऑफर जाईल. नम्रपणे आणि नेमकं विचारल्यामुळे कोणतीही शहाणी कंपनी ऑफर मागे घेत नाही. ऑफर बिघडतात त्या दुसऱ्याच कारणांनी : होकार देऊन नंतर नव्या मागण्या काढल्यामुळे, दुसऱ्या कंपनीची खोटी ऑफर सांगितल्यामुळे, किंवा मुदत उलटेपर्यंत गप्प बसल्यामुळे.

मेल लिहिण्याआधी मात्र पत्रातला पगाराचा तक्ता कागदावर उलगडायला हवा. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर समजा. उमेदवार मुलगी पाच वर्षांच्या अनुभवाची, सध्या महिना ७० हजार ग्रॉस घेणारी. १२ लाखांना १२ ने भागून तिने मनात महिना १ लाख धरलेत. तक्त्यात १ लाख २० हजार व्हेरिएबल आहे, ते वर्षाअखेरीस आणि कामगिरीवर मिळणार. कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी महिना १,८०० प्रमाणे २१,६०० रुपये. मूळ पगार ६ लाख, त्याच्या ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटी २८,८६०. आरोग्यविम्याचा हप्ता ९,५४०. हे चारही आकडे मिळून बरोबर १ लाख ८० हजार होतात आणि ते दरमहा हातात येत नाहीत. उरतात १० लाख २० हजार, म्हणजे महिना ८५ हजार. त्यातून तिच्या वाट्याचे पीएफचे १,८०० आणि व्यवसायकराचे २०० गेले की खात्यात ८३ हजार. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत एवढ्या वार्षिक पगारावर प्राप्तिकर लागत नाही, म्हणून आकडा इथेच थांबतो.

ही फसवणूक नव्हे, सीटीसी असंच मांडतात. पण १ लाख आणि ८३ हजार यांतला फरक होकार देण्याआधी कळला, तर कशाबद्दल बोलायचं ते आपोआप ठरतं. शिवाय ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळते. तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्याने ती रक्कम आपल्या पगारात धरूच नये.

विषय तीन, फार तर चार. दहा प्रश्नांची यादी पाठवली की समोरचा माणूस सोपे प्रश्न उचलतो आणि अवघड तसेच राहतात. या मुलीच्या बाबतीत पहिला विषय फिक्स्ड आणि व्हेरिएबलचं प्रमाण. दुसरा नोटीस पीरियड : तिच्या सध्याच्या कंपनीत तो ९० दिवसांचा आहे आणि नव्या कंपनीला ती ४५ दिवसांत हवी. उरलेल्या ४५ दिवसांचा पगार जुन्या कंपनीला भरावा लागला तर ग्रॉसवर तो १ लाख ५ हजार होतो. काही कंपन्या तो फक्त मूळ पगारावर मोजतात. हे पैसे कोण देणार आणि नव्या कंपनीने दिले तर त्यावरचा कर कोणाच्या माथी, हे पत्रात कुठेच नाही. तिसरा विषय आठवड्यातून किती दिवस हिंजवडीला जायचं. ती हडपसरला राहते. शहराच्या दोन टोकांतला हा रोजचा प्रवासही ऑफरचाच भाग आहे.

आपल्याकडे असे मेल इंग्रजीतच जातात. मजकूर मात्र साधारण असा असावा :

“नमस्कार मॅडम, ऑफरबद्दल मनापासून आभार. टीमशी बोलल्यापासून या कामाची मला उत्सुकता आहे आणि तुमच्याकडे यायची इच्छा आहे. स्वीकृती कळवण्याआधी तीन गोष्टी फोनवर समजून घ्यायच्या आहेत : व्हेरिएबलचं प्रमाण आणि ते देण्याची पद्धत, नोटीस पीरियड आणि रुजू होण्याची तारीख, ऑफिसला येण्याचे दिवस. अर्धा तास पुरेल. मला बुधवार, ११ तारखेला दुपारी १ ते २ किंवा सायंकाळी ६.३० ते ८, आणि गुरुवार, १२ तारखेला सकाळी ८.३० ते ९.३० या वेळा जमतील. यांपैकी कोणतीच सोयीची नसेल तर तुमची वेळ सांगा, मी जमवून घेईन. काही मुद्द्यांना मंजुरी लागणार असेल, तर स्वीकृतीची मुदत सोमवार, १६ तारखेपर्यंत वाढवता येईल का?”

यातली प्रत्येक ओळ काही काम करते. यायची इच्छा आहे हे पहिल्यांदा आलं, कारण एचआरला आधी तेच जाणून घ्यायचं असतं. ज्याचं येणं नक्की नाही, त्याच्यासाठी ती वरिष्ठांकडे शब्द टाकत नाही. वेळा वार आणि तारखेसह दिल्या, कारण ‘तुम्हाला जमेल तेव्हा’ असं लिहिलं की उत्तर येतं ‘कळवते’ आणि दोन दिवस निघून जातात. तिन्ही वेळा मुदतीच्या आतल्या आहेत आणि पहिली दुसऱ्याच दिवशीची आहे. त्या कामाच्या तासांबाहेरच्या किंवा जेवणाच्या सुट्टीतल्या आहेत, कारण सध्याच्या ऑफिसात टेबलावर बसून हा फोन घेता येत नाही. रिकामी मीटिंग रूम शोधत फिरताना कुणी नीट बोलू शकत नाही. परदेशातल्या कंपनीशी बोलायचं असेल तर वेळेपुढे भारतीय वेळ असं लिहावं आणि त्यांची वेळही द्यावी. उन्हाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे ९.३० वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे ७ वाजलेले असतात; नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे गेली की त्याच ९.३० ला आपल्याकडे ८ होतात.

विषय आधी लिहिण्याचं कारण कंपनीच्या आतल्या रचनेत आहे. फोनवर बोलणाऱ्या रिक्रूटरला पगार बदलण्याचा अधिकार बहुधा नसतो. प्रत्येक पदाला एक बँड असतो. त्याच्या आतला बदल असेल तर ती टीमच्या मॅनेजरला आणि पगार ठरवणाऱ्या विभागाला विचारते, बाहेरचा असेल तर आणखी वर जावं लागतं. विषय आधी कळले तर ती विचारून येते. न कळले तर सगळा फोन ‘विचारून सांगते’ यात संपतो. म्हणूनच एकदाच द्यायचा जॉइनिंग बोनस किंवा नोटीसचे पैसे तुलनेने लवकर मंजूर होतात. फिक्स्ड पगार वाढवला तर तो दरवर्षी द्यावा लागतो आणि टीममधल्या इतरांच्या पगाराशी त्याची तुलना होते.

प्रत्यक्ष फोनवर प्रश्न असा विचारावा की उत्तरात आकडा यावा. “मॅडम, व्हेरिएबल मिळतं ना?” याला उत्तर “हो, मिळतं.” त्याऐवजी : “गेल्या दोन वर्षांत माझ्या पदावरच्या लोकांना व्हेरिएबलच्या सरासरी किती टक्के रक्कम मिळाली? आणि मी वर्षाच्या मध्ये रुजू झाले तर पहिल्या वर्षी ते कसं मोजणार?” इथे उत्तर टाळलं गेलं तर तेही एक उत्तरच आहे; मग व्हेरिएबल शून्य धरून आपला हिशेब करावा. मागणी करताना आकडा आणि कारण एकत्र सांगावं : “व्हेरिएबल १ लाख २० हजारांऐवजी ६० हजार करून उरलेले फिक्स्डमध्ये घालता आले, तर महिन्याला ५ हजारांचा फरक पडेल. एकूण सीटीसी तेवढाच राहतो.” अशी मागणी घेऊन रिक्रूटरला वर जाणं सोपं जातं. सांगून झालं की गप्प राहावं. बरेच जण शांतता सहन न होऊन स्वतःच “नाही जमलं तरी चालेल” म्हणून टाकतात.

जॉइनिंग बोनस देऊ केला तर एक गोष्ट विचारायलाच हवी. वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत घेतात. पण हातात येताना त्यातून कर कापलेला असू शकतो. मग परत करायची रक्कम करकपातीआधीची की नंतरची?

कॅम्पसमधून निवड झालेल्या मुलामुलींना पगारावर बोलायला फारशी जागा नसते, सगळ्या बॅचला एकच आकडा असतो. त्यांनी फोन मागावा तो रुजू होण्याची तारीख आणि बाँड यांसाठी. २०२२ नंतर मोठ्या आयटी कंपन्यांच्या ऑफर हातात असलेली कितीतरी मुलं महिनोन्महिने तारखेची वाट पाहत बसली. बाँडबद्दल ‘कोर्टात टिकत नाही हो’ हे ऐकीव वाक्यही सोडून द्यावं. नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये असं बंधन करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही, हे खरं. पण ठरावीक काळ नोकरी करण्याची अट वेगळी. २०२५ च्या मे महिन्यात विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. म्हणून बाँड किती महिन्यांचा, रक्कम किती आणि ती काळानुसार कमी होते का, हे सहीच्या आधी विचारावं.

फोन संपल्यावर तासाभरात दुसरा मेल जायला हवा : “आज बोलल्याप्रमाणे व्हेरिएबल ६० हजार, नोटीसच्या भरपाईपोटी कमाल १ लाख ५ हजार, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. हे बदल असलेलं सुधारित पत्र मिळालं की मी त्याच दिवशी स्वीकृती कळवते.” या मेलच्या उत्तरात ‘आधी स्वीकारा, पत्र नंतर दुरुस्त करू’ असं आलं तर सावध व्हावं. फोनवर शब्द देणारी व्यक्ती सहा महिन्यांनी त्या कंपनीत असेलच असं नाही, आणि बहुतेक ऑफर लेटरमध्ये शेवटी हेही लिहिलेलं असतं की या पत्राआधीचं कोणतंही तोंडी बोलणं कंपनीवर बंधनकारक नाही.

सगळ्याच गोष्टी मान्य होतील असं नाही. तीनपैकी एक मान्य झाली आणि दोन नाकारल्या गेल्या, तरी तुम्ही काय पत्करता आहात ते तुम्हाला माहीत असतं. तेवढं माहीत झालं की हो किंवा नाही दिलेल्या मुदतीत, लेखी कळवा. आणि सध्याच्या नोकरीचा राजीनामा सुधारित पत्र हातात पडेपर्यंत देऊ नका.