दहा रेस बाकी, रिफंड शून्य!

३ ऑगस्ट २०२५. हंगेरीची रेस संपली, लँडो नॉरिसने ऑस्कर पियास्त्रीला सेकंदभराच्याही आत रोखून धरलं आणि आमच्या रूमवर एकच जल्लोष झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या रूममेटला ऑफर लेटर आलं. पेड इंटर्नशिप, पण शनिवार-रविवार दुपारी दोन ते रात्री दहा. म्हणजे नेमक्या फॉर्म्युला वनच्या वेळेला हा हेडफोन लावून कुणाच्या तरी तक्रारी ऐकत बसणार! त्यात परीक्षेचा फॉर्म भरायचा होता आणि खिशात जेमतेम मेसपुरते पैसे. त्याने सरळ हिशेब केला. सीझन पास १२०० रुपयांचा, रेस २४, म्हणजे पन्नास रुपयाला एक. झाल्या १४, राहिल्या १०. पाचशे रुपये परत मिळणार, फॉर्मचं काम झालं.

(पासची रक्कम मी इथे हिशेबाला सोपी पडावी म्हणून राउंड केली आहे. अ‍ॅपचं नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण अशा अटी बऱ्याच ठिकाणी दिसतात.)

त्याने ‘कॅन्सल’ दाबलं. ‘नक्की?’ असं दोनदा विचारून झाल्यावर स्क्रीनवर मेसेज आला की तुमचा प्लॅन कॅन्सल झाला आहे, पण सीझन संपेपर्यंत तुम्ही बघू शकता. पैशांबद्दल एक शब्द नाही. चार दिवस तो बँकेचे मेसेज चेक करत राहिला. मग सपोर्टला मेल टाकला. उत्तर अगदी गोड भाषेत होतं: पास नॉन-रिफंडेबल आहे, उरलेल्या दहाही रेस तुमच्याच आहेत, एन्जॉय करा.

इथे आपल्यातले बहुतेक जण गंडतात, मीही गंडले असते. अ‍ॅपच्या भाषेत ‘कॅन्सल’ म्हणजे बहुतेक वेळा ‘पुढच्या वेळी पैसे कापू नका’ एवढंच असतं. महिन्याच्या प्लॅनमध्ये ते आपल्याला पटकन कळतं, कारण पुढचा हप्ता महिनाभरात येणारच असतो. सीझन पासचं तसं नाही. त्याचा पुढचा हप्ता थेट पुढच्या मार्चमध्ये, नवा सीझन सुरू होताना. म्हणून कॅन्सल दाबलं की काहीच घडत नाही असं वाटतं. प्रत्यक्षात एक गोष्ट घडलेली असते: ऑटो-रिन्यूअल बंद झालेलं असतं. कॅन्सल आणि रिफंड या दोन वेगळ्या विनंत्या आहेत आणि दुसरी आपल्याला स्वतःहून, वेगळी करावी लागते.

पण समजा कंपनी उरलेल्याचे पैसे द्यायला तयार झाली, तर ‘उरलेलं’ मोजायचं कसं? हा प्रश्न मला वाटलं होतं त्यापेक्षा भारी निघाला. रात्री अकरा वाजता आम्ही दोघं कॅलेंडर घेऊन बसलो.

२०२५ चा सीझन १४ मार्चला ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या प्रॅक्टिसने सुरू झाला आणि अबू धाबीची शेवटची रेस ७ डिसेंबरला. मधले दिवस मोजले तर २६९. रेसप्रमाणे मोजलं तर ४ ऑगस्टला त्याचे १० भागिले २४, म्हणजे ५०० रुपये उरतात. दिवसांप्रमाणे मोजलं तर १२६ दिवस बाकी, म्हणजे साधारण ५६२ रुपये. वा! दिवसाचा हिशेब फायद्याचा, असं वाटलं ना? थांबा. ऑगस्टमध्ये फॉर्म्युला वनची उन्हाळी सुट्टी असते. हंगेरीनंतर थेट ३१ ऑगस्टला नेदरलँड्स. आता समजा त्याने आळस केला आणि २८ ऑगस्टच्या रात्री पास सोडला. रेस तेव्हाही दहाच बाकी आहेत, मधे एकही झालेली नाही. पण दिवस उरले फक्त १०१, आणि रक्कम झाली ४५१. काहीही न बघता १११ रुपये उडाले! पडद्यावर एक गाडी धावली नाही, तरी मीटर चालूच.

त्यामुळे कुठल्याही पासच्या अटींमध्ये ‘प्रमाणात परतावा’ असं काही दिसलं, तर प्रमाण कशाचं ते आधी शोधा. दिवसांचं असेल तर सुट्टी लागण्याआधी सोडलेलं बरं, सामन्यांचं असेल तर पुढचा सामना सुरू होण्याआधी कधीही सोडा. आणि दोन्ही नसेल, ‘नॉन-रिफंडेबल’ एवढंच असेल, तर हा सगळा हिशेब फक्त विनंतीच्या मेलमध्ये घालण्यापुरता. आमचं तेच झालं.

मग मी त्याला एक आगाऊ प्रश्न विचारला: दहापैकी तुझ्या खरंच किती जाणार आहेत? भारतीय वेळा काढल्या. नेदरलँड्स, इटली, अझरबैजान, सिंगापूर, कतार, अबू धाबी या सहा रेस त्याच्या शिफ्टमध्ये सुरू होत होत्या. पण ऑस्टिन रात्री साडेबाराला, मेक्सिको दीडला, ब्राझील साडेदहाला आणि लास वेगास तर रविवारी सकाळी साडेनऊला. चार रेस आरामात बघता येणार होत्या. शिवाय राहिलेल्या सहांचे रिप्ले अ‍ॅपवर असणारच. सपोर्टवाल्यांचा मुद्दा नेमका हाच होता: आम्ही दाखवतोय, तुम्हाला वेळ नाही. चिडायला होतं, पण खरं सांगायचं तर यात त्यांचं फार चुकतं असं मला म्हणता आलं नाही. थिएटरचं तिकीट काढून आपणच इंटरव्हलला घरी गेलो, तर बुकिंग खिडकीवर कोण अर्धे पैसे देईल?

चित्र बदलतं ते सामने ‘त्यांच्याकडून’ गेले तर. इथे आयपीएल २०२५ आठवा. ८ मेला धर्मशालाचा पंजाब-दिल्ली सामना मध्येच थांबला, दुसऱ्या दिवशी स्पर्धा आठवडाभरासाठी स्थगित झाली. १७ मेला पुन्हा सुरू झाली आणि २५ मेची फायनल ३ जूनला गेली. आता ज्याच्याकडे ‘अख्खी स्पर्धा’ असा पास असतो, त्याचं अशा वेळी फारसं बिघडत नाही, उरलेले सामने उशिरा का होईना दिसतात. पण कुणी बरोब्बर फायनलपर्यंत पुरावा म्हणून २६ एप्रिलला ३० दिवसांचा प्लॅन घेतला असेल, तर त्याचा प्लॅन २५ मेला संपला आणि फायनल राहिली पलीकडे. म्हणून विकत घेताना बघायची गोष्ट किंमत नाही, तर वैधता कशाला बांधलेली आहे ती: तारखेला की स्पर्धेला.

सामना रद्दच झाला तर? २०२३ मध्ये इटलीत पूर आला आणि इमोलाची रेस झालीच नाही. तो सीझन २३ ऐवजी २२ रेसमध्ये आटोपला. अशा वेळी ‘वेळापत्रक बदलू शकतं’ हे वाक्य अटींमध्ये असेल तर अ‍ॅप त्याच्याकडे बोट दाखवणार, कारण रेस त्यांनी नाही, निसर्गाने रद्द केली. मात्र सामना झाला, इतरांनी पाहिला, आणि पैसे भरूनही तुमच्या अ‍ॅपवर तो चाललाच नाही, किंवा जाहिरातीत दाखवलेली लीग मधेच अ‍ॅपवरून गायब झाली, तर तुमची बाजू भक्कम. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात याला सेवेतली त्रुटी म्हणता येतं. तेव्हा उरलेले किंवा न दिसलेले सामने हे तुमच्या मागणीचं माप ठरतात: इतक्यापैकी इतके मिळाले नाहीत, म्हणून इतके रुपये. मात्र पुरावा लागतो. एररचा स्क्रीनशॉट वेळेसकट, आणि त्याच वेळी दुसरं काहीतरी नीट चालत होतं याचाही, नाहीतर ‘तुमचं वायफाय’ हे उत्तर तयार असतं. विकत घेतानाच्या पानाचाही स्क्रीनशॉट ठेवा, कारण ते पान सीझनच्या मध्यात बदललेलं असू शकतं.

पैसे कुठून भरले यावर दार ठरतं. गुगल प्लेवरून घेतलं असेल तर पहिल्या ४८ तासांत गुगलकडेच रिफंड मागता येतो, नंतर ते बहुतेक वेळा अ‍ॅपवाल्यांकडे पाठवतात. आयफोनवरून घेतलं असेल तर reportaproblem.apple.com वर अर्ज करायचा. थेट यूपीआयने भरलं असेल तर अ‍ॅपचा सपोर्ट. आणि यूपीआय ऑटोपे लावलं असेल, तर अ‍ॅपमध्ये कॅन्सल केल्यावर आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन मँडेट बंद झालंय का, तेही बघून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, पण सात महिन्यांनी आलेला तो मेसेज जाहिरातींच्या ढिगात कोण वाचतं?

सपोर्टने हात वर केले आणि तुमची केस ‘त्यांच्याकडून गेलं’ या प्रकारातली असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे निकाल लागत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत पोचते आणि तिचा नंबर मिळतो. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पन्नास रुपयांच्या रेससाठी कुणी एवढं करेल का, हा भाग वेगळा. कॅन्सलचं बटणच लपवलं असेल तर मात्र नक्की करावं. २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वांत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ नावाने तोच प्रकार मोडतो. माझ्या रूममेटला बटण सहज सापडलं होतं, त्यामुळे तोही मार्ग नव्हता.

त्याने शेवटी एक विनंतीचा मेल टाकला. सहा रेस, तीनशे रुपये, कारण नोकरी, असं सरळ लिहिलं. उत्तर आलं, पुन्हा गोड, पुन्हा नाही. परीक्षेच्या फॉर्मचे पैसे मी दिले, ते पहिल्या स्टायपेंडमधून परत मिळाले.

३१ ऑगस्टला गौरी बसणार होत्या म्हणून त्याला पहिल्याच महिन्यात सुट्टी मिळाली. संध्याकाळी साडेसहाला घरी एकीकडे आई आणि काकू गौरीच्या साडीच्या निऱ्या काढत होत्या आणि हा कोपऱ्यात फोन धरून नेदरलँड्सची रेस बघत होता. शेवटच्या काही लॅप्समध्ये नॉरिसच्या गाडीतून धूर निघाला आणि तो बाहेर पडला. पाच मिनिटांनी मला मेसेज आला, ‘या रेसचे पन्नास तरी परत द्यायला हवे होते. आता नऊ.’