घसा धरला आणि लघवी लाल झाली

समजा, 24 वर्षांचा एक मुलगा आहे. सोमवारी त्याचा घसा धरला, अंगात ताप आला आणि बुधवारी सकाळी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. आग नाही, कळ नाही. मुतखडा असेल म्हणून सोनोग्राफी केली, तर ती स्वच्छ. चार दिवसांत लघवी निवळली आणि सगळे विसरले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा घसा, पुन्हा तोच रंग.

इथे दिवस मोजायला हवेत. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे किडनीला सूज येते तेव्हा घसा बरा होऊन आठवडा-दोन आठवडे उलटलेले असतात. घशाबरोबरच, एक-दोन दिवसांत रंग बदलला तर संशय आयजीए नेफ्रोपॅथीचा. 1968 मध्ये पॅरिसच्या ज्याँ बर्जे आणि निकोल अँगले यांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं. आयजीए हे घशाच्या आणि आतड्याच्या अस्तराचं रक्षण करणारं प्रतिपिंड. या रुग्णांमध्ये त्याच्या काही रेणूंवर साखरेचा एक घटक कमी असतो. शरीर त्यांना परकं समजून त्यांच्याविरुद्धच प्रतिपिंडं बनवतं, आणि त्या गुंत्याचे पुंजके किडनीच्या गाळण्यांत अडकतात. खात्री मात्र बायोप्सीनेच होते.

लाल रंगाने घर हादरतं, पण किडनीचं भवितव्य त्या रंगावर फारसं ठरत नाही. ते ठरतं न दिसणाऱ्या प्रथिनांवर. आपल्या मुलाच्या लघवीतून दिवसाला 1.6 ग्रॅम प्रथिनं जात होती, रक्तदाब 146/94 आणि क्रिएटिनिन 1.3. दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून जास्त प्रथिनं सतत जाणं, चढा रक्तदाब, घटलेली गाळणक्षमता आणि बायोप्सीत दिसणारे कायमचे व्रण, ही धोक्याची चिन्हं. त्याच्याकडे यातली बरीचशी जमा होती.

त्याला टेल्मिसार्टन सुरू झालं. हे औषध रक्तदाबाबरोबर गाळणीवरचा दाबही उतरवतं. डोस हळूहळू वाढवताना पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासावं लागतं, आणि गरोदरपणात ते चालत नाही. लोणचं-पापड सुटले. तीन महिन्यांनी प्रथिनं 0.8 वर आली. बरं झालं, पण पुरेसं नाही, म्हणून डापाग्लिफ्लोझिनची जोड मिळाली. याउपर स्टेरॉइडचा विचार होतो. त्याने प्रथिनं घटतात, पण गंभीर जंतुसंसर्गाचा धोका खरा आहे, म्हणून हल्ली कमी डोस आणि सोबत संसर्ग टाळणारं औषध देतात. आतड्याच्या शेवटच्या भागात विरघळणारं बुडेसोनाइड नऊ महिने देण्याचा पर्याय आहे. स्पारसेंटान आणि इप्टाकोपॅन ही आणखी नवी औषधं, पण महाग. जपानमध्ये टॉन्सिल काढण्याचा प्रघात आहे, इतरत्र त्यावर एकमत नाही.

घसा दुखला की डायक्लोफेनॅकची गोळी मनाने घ्यायची सवय मात्र त्याला सोडावी लागली. ती किडनीला बाधते. आणि लाल लघवीबरोबर लघवीचं प्रमाणच कमी झालं, तर त्याच दिवशी क्रिएटिनिन तपासायचं. एरवी त्याची प्रथिनांची तपासणी दर तीन महिन्यांनी होते, लघवी पाण्यासारखी असते तेव्हाच.