जांभळाच्या फांद्यांमागचं आकाश

जुलैमध्ये पवना धरणाच्या काठावर फोटो काढला की त्यात आकाश नसतंच. असतो तो पांढराफटक कागद. तुंग किल्ल्याचा माथा ढगात, तिकोना अर्धा पुसलेला, आणि वर सगळीकडून सारखाच प्रकाश पाझरणारं मेणकापड. लग्नाआधीचं शूट करायला आलेल्या जोडप्यांना मात्र फोटोत करड्या-निळ्या ढगांची गर्दी हवी असते. लोणावळ्याच्या पावसाचं त्यांच्या मनातलं चित्र तसंच असतं. चेहऱ्यांना पुरेसा उजेड द्यायचा तर आकाश जळतं, आकाश वाचवायचं तर चेहरे काळे पडतात. आम्ही चेहरे वाचवतो आणि आकाश नंतर घालतो.

गेल्या पावसाळ्यातली एक फ्रेम डोळ्यांसमोर आहे. काठावर जांभळाचं जुनं झाड, त्याखाली जोडपं, वर फांद्यांची जाळी. पाऊस नुकताच थांबला होता. स्टुडिओत आल्यावर आमच्या मदतनीस पोराने जादूची कांडी चालवली, म्हणजे फोटोशॉपचं Magic Wand. "दादा, दोन मिनिटांत होतंय बघा," म्हणाला, आणि झालंही. लॅपटॉपवर बरं दिसलं. असंच एक काम मी पूर्वी केलं होतं आणि 12×36 इंचांच्या अल्बमच्या पानावर ते छापून आलं, तेव्हा झाडाच्या प्रत्येक पानाभोवती पांढरी दोऱ्याची शिवण दिसत होती. बारीक डहाळ्या मधेच तुटून टिंबं-टिंबं झाल्या होत्या. अल्बमचं ते पान मी माझ्या खर्चाने पुन्हा छापलं. म्हणून पोराला म्हटलं, "कात्री ठेव. यात कापायचं काहीच नाही."

कांडी प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारते: तू आकाश की झाड? पण पानाच्या कडेवरचा ठिपका दोन्ही असतो. सेन्सरच्या एका घरात अर्धं पान आणि अर्धं आकाश पडलं की दोहोंचा मधला रंग नोंदला जातो. त्या ठिपक्याला 'अर्धा' म्हणता येईल अशी निवड हवी. फोटोतला उजेड स्वतःच असा मुखवटा होऊ शकतो, हीच ल्युमिनॉसिटी मास्कची युक्ती आहे. जिथे फोटो पांढरा तिथे मास्क पांढरा, जिथे काळा तिथे काळा, आणि अधलंमधलं जसंच्या तसं करडं. हाताने रेषा काढावी लागत नाही.

Channels पॅनेलमध्ये Ctrl दाबून RGB च्या चित्रावर टिचकी मारली की उजेडाची निवड तयार होते. नेहमीच्या पुस्तकी पद्धतीत इथूनच सुरुवात होते. झाड-आकाशाच्या कामात मी मात्र RGB सोडून थेट निळ्या चॅनेलकडे जातो. कारण साधं आहे. हिरवं पान निळा प्रकाश फारसा परतवत नाही. त्या फ्रेममध्ये जांभळाच्या पानावर आकडे वाचले तर लाल 70, हिरवा 95, निळा फक्त 30. आकाशात तिन्ही 236 ते 242 च्या घरात. म्हणजे डोळ्याला पान मध्यम उजळ दिसत असलं तरी निळ्या चॅनेलमध्ये ते जवळजवळ काळं असतं आणि आकाश जवळजवळ पांढरं.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. एकोणिसाव्या शतकातल्या कोलोडियनच्या काचा प्रामुख्याने निळ्याच प्रकाशाला जागायच्या, त्यामुळे त्या काळच्या फोटोंत झाडी काळी आणि आकाश कोरं यायचं. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1850च्या दशकात समुद्र एका काचेवर आणि ढग दुसऱ्या काचेवर घेऊन एकाच कागदावर छापले. त्याची डोकेदुखी आमच्या कामाला येते. आमचं निळं चॅनेल म्हणजे तीच जुनी काच.

तर निळ्या चॅनेलची नक्कल करायची, मूळ चॅनेलला हात लावायचा नाही. नकलेवर Levels उघडून काळं टोक 40 वर आणि पांढरं टोक 234 वर आणलं. पान 30 होतं, ते पूर्ण काळं झालं. आकाशाचा सगळ्यात मंद कोपरा 236 होता, तोही पूर्ण पांढरा झाला. आणि अर्ध्या-अर्ध्या कडेचा ठिपका, जो 136 च्या आसपास होता, तो बरोबर मधोमध राहिला. हे शेवटचं महत्त्वाचं. टोकं अजून आत सरकवली की मास्क झकास कडक दिसतो, आणि मग तीच जादूची कांडी मागच्या दाराने परत येते. खालचा भाग, म्हणजे जोडपं, नवऱ्याचा पांढरा कुर्ता, धरणाचं चकाकणारं पाणी, हे सगळं मोठ्या ब्रशने काळं केलं. त्यात काही कसब नाही.

कसब लागतं ते डहाळ्यांना. मास्क 200 टक्क्यांवर पाहिला तर वरच्या उजव्या कोपऱ्यात बारीक डहाळ्या करड्या-फिकट दिसत होत्या, काही ठिकाणी गायबच. दोष मास्कचा नव्हता. मी भिंग पूर्ण उघडं ठेवून, f/2 वर, फोटो काढला होता. अशा भिंगाने जळालेल्या आकाशासमोरच्या काळ्या काडीभोवती जांभळी कड येते. जांभळ्यात निळं भरपूर, म्हणून निळं चॅनेल त्या काडीला आकाश समजतं आणि खातं. यावर मास्कमध्ये कितीही रंगवा, उपयोग नाही. परत RAW फाइलवर गेलो, Defringe ने जांभळी कड उतरवली, धार आणणारं शार्पनिंग शून्यावर ठेवलं, आणि पहिल्यापासून मास्क केला. डहाळ्या परत आल्या. शार्पनिंगचं असं की ते काळ्या काडीच्या बाजूने उजळ रेघ ओढतं आणि ती रेघ पुढे आकाश बदलल्यावर डोळ्यांत खुपते. ते सगळं शेवटी. फाइल JPEG असेल तर निळ्या चॅनेलमध्ये काड्यांभोवती चौकोनी डाग दिसतात. तिथे माझा सल्ला एवढाच की दुसरी फ्रेम शोधा.

मग आली जांभळाची स्वतःची खोड. जांभळाचं पान जाड आणि गुळगुळीत. पावसानंतर त्यावर आकाशाचं प्रतिबिंब पडतं. ती चमक मोजली तर निळा 215. ती आकाशाचाच उजेड असल्याने लाल, हिरवा, निळा, कुठलंही चॅनेल तिला पानाचा भाग म्हणून ओळखत नाही. मास्कमध्ये पानाच्या मधोमध पांढरी भोकं पडतात, आणि नवं आकाश त्या भोकांतून डोकावतं. पानं कापली गेल्यासारखी दिसतात ती इथे.

इथे काळ्या ब्रशचा मोड Overlay ठेवायचा. Overlay मध्ये काळा रंग पूर्ण पांढऱ्याला हलवू शकत नाही, पण पांढऱ्यापेक्षा थोड्याही कमी असलेल्याला खाली ढकलतो. Levels नंतर ती चमक सुमारे 90 टक्के पांढरी होती. पहिल्या फटक्यात 80, दुसऱ्यात 60, तिसऱ्यात 20 आणि चौथ्यात काळी. शेजारचं आकाश 100 टक्के असल्याने ब्रश त्यावरून गेला तरी जागचं हललं नाही. म्हणूनच आधी आकाशाचा मंद कोपराही पूर्ण पांढरा करून घेतला होता. फटका मात्र पानाच्या पोटातच मारायचा. कडेवरून फिरवला तर आपण जपलेला अर्धा ठिपकाही काळा होतो. साठ-सत्तर पानं होती. तास गेला.

आता नवं आकाश वर ठेवलं, मास्क लावला. आणि कडेला पुन्हा पांढरी शिवण! पोरगा हसला. पण हा मास्कचा गुन्हा नाही, मोडचा आहे. हिरव्या चॅनेलचे आकडे घेऊ. पान 95, जुनं आकाश 238, म्हणून कडेचा ठिपका 166. नवं आकाश 130. तिथे खरोखर 130चंच आकाश असतं तर कडेचा ठिपका 112 च्या आसपास आला असता. Normal मोडमध्ये अर्धा मास्क त्या 166 चा अर्धा ठेवतो आणि 130 चा अर्धा घालतो. उत्तर 148, म्हणजे पान आणि नवं आकाश दोहोंपेक्षा उजळ. तीच शिवण. कारण 166 मध्ये जुन्या आकाशाचा पांढरा आधीच मिसळलेला आहे, तो काढलाच नाही.

लेअर Multiply वर टाकला की नवं आकाश जुन्यावर झाकण न होता रंगीत काचेसारखं बसतं. पांढऱ्यातून ते जवळपास पूर्ण दिसतं, कडेचा ठिपका 125 वर येतो, पान मास्कमुळे अस्पर्शित राहतं. 112 ला 125 म्हणजे तंतोतंत नव्हे. पण शिवण मिटते, छापल्यावरही.

याच हिशेबातून एक मोह आवरता येतो. मास्क स्वतःशीच छेदून, Ctrl, Alt, Shift तिन्ही दाबून टिचकी मारत, अधिकाधिक कडक करण्याची पद्धत आहे. प्रत्येक छेदात मूल्य स्वतःशी गुणलं जातं. पानं झटपट काळी होतात म्हणून आवडते लोकांना. पण अर्धा ठिपकाही पाव होतो, आणि Multiply असूनही तो 146 वर जातो. शिवण परत हजर. पहाडाची रेघ किंवा इमारतीची कड असेल तर खुशाल छेदा. जांभळाला नको.

तपासायला मी आकाशाच्या जागी आधी गडद लाल रंगाचा लेअर टाकतो. लालवर उजळ कड लगेच ओरडते. मग फिकट पिवळा टाकतो, त्यावर करड्या डागांची भोकं दिसतात. ढगांच्या चित्रावर हे दोष लपतात आणि अल्बममध्ये उगवतात.

फांद्यांच्या गर्दीतली बारीक छिद्रं मास्कमध्ये पूर्ण पांढरी होत नाहीत, करडी राहतात. ती पांढरी करायचा हट्ट नको. दाट पानांच्या फटीतून दिसणारं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा जरा मंदच दिसतं, डोंगरावर झाडाखाली उभं राहून बघा. आणि क्षितिजाजवळ नवं आकाश फिकं करा. मावळच्या पावसात पाण्याच्या रेषेपाशी धुकं असतंच. तिथपर्यंत गडद ढग उतरवले की तुंग पुठ्ठ्याचा दिसतो. विसापूरवर ओली माती, ओलं गवत आणि डोक्यावर कोरड्या प्रदेशातलं स्वच्छ निळं आकाश, असे अल्बम मी पाहिलेत. मास्क निर्दोष होता हो त्यांचा.

त्या फ्रेमसाठी मी वापरलेलं आकाश तिथलंच होतं. शूट संपून गाडीत सामान भरताना पश्चिमेला ढग फाटले होते, तेव्हा त्याच दिशेला दोन स्टॉप कमी देऊन चार फ्रेम मारून ठेवल्या होत्या. पवनेला पावसाळ्यात शूटला जाणार असाल तर निघण्याआधी कॅमेरा पिशवीत टाकू नका. मान वर करा आणि तिथलं आकाश घेऊन या.