पैसे कापले, हिरे आले नाहीत: तक्रार कुणाकडे करायची?

समजा, तुमच्या मुलीने अँड्रॉइड फोनवर गेम खेळताना ३९९ रुपयांचे हिरे विकत घेतले. यूपीआयने पैसे गेले, पण गेममध्ये हिरे दिसत नाहीत. आता विचारायचं कुणाला?

आधी पैसे गेले कुठे ते पाहू. खरेदीचं बटण गेममध्ये असतं, पण ते दाबल्यावर खालून वर येणारी पैसे भरायची पट्टी गूगल प्लेची असते. म्हणजे गल्ला स्टोअरचा आणि माल गेमवाल्याचा. पैसे जमा झाले की प्ले स्टोअर गेमला एक टोकन देतं. ते तपासून गेमने हिरे द्यायचे आणि ‘माल पोचवला’ असं स्टोअरला कळवायचं. तीन दिवसांत हे कळवलं नाही, तर स्टोअर खरेदी रद्द करून पैसे आपोआप परत करतं.

म्हणून सर्वात आधी पावती शोधा. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून Payments & subscriptions आणि मग Budget & history उघडा. तिथे खरेदी ‘पेंडिंग’ दिसत असेल, तर पैसे अजून स्टोअरकडे पक्के जमा झालेले नाहीत आणि तोवर हिरे मिळत नाहीत. खरेदी पूर्ण झालेली असेल, तर GPA ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक लिहून घ्या. मग गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. नेट मध्येच तुटल्यामुळे अडकलेलं टोकन पुष्कळदा तेव्हा उचललं जातं. गेममध्ये दुसऱ्याच खात्याने लॉगिन झालंय का, तेही पाहा.

तरीही हिरे आले नाहीत, तर तो क्रमांक गेमवाल्याला पाठवा, कारण माल त्याच्याकडे आहे. पैसेच परत हवे असतील, तर खरेदीपासून ४८ तासांच्या आत गूगल प्लेकडे अर्ज करा. पैसे द्यायचे की नाही हे गूगल ठरवतं. त्यानंतर मात्र गेमवाल्यालाच विचारावं लागतं. आयफोनवर पैसे परत मागायचा अर्ज नेहमी अॅपलकडेच करायचा, reportaproblem.apple.com इथे. तिथे गेमवाला स्वतः पैसे परत करू शकत नाही.

याला एक अपवाद आहे. भारतात काही अँड्रॉइड अॅप पैसे भरताना गूगल प्लेसोबत स्वतःचाही पर्याय दाखवतात. तो निवडला, तर गल्लाही अॅपवाल्याचाच होतो आणि परताव्यासाठी त्याच्याकडेच जावं लागतं.

दरमहा पैसे कापणाऱ्या सबस्क्रिप्शनलाही हाच नियम लागू आहे. स्टोअरमधून घेतलेलं सबस्क्रिप्शन अॅप डिलीट केल्याने थांबत नाही, ते स्टोअरमध्ये जाऊनच रद्द करावं लागतं. तेव्हा पावती कुणाच्या नावाची आहे ते पाहा. पैशांचा हिशेब त्याच्याकडेच मागायचा.