कारखान्याचा पगार शेताच्या बांधावर ठरतो

द्राक्षाच्या हंगामात नाशिकच्या पश्चिमेला गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळी माणसांचा बाजार भरतो. पेठ, हरसूल, सुरगाणा, जव्हार या बाजूंचे आदिवासी मजूर टोळ्याटोळ्यांनी उभे असतात. बागायतदार येतो, छाटणी किंवा विरळणी एकरी उक्ती ठरवतो आणि टोळी पिकअपमध्ये चढवून नेतो. या नाक्यापासून सातपूरची औद्योगिक वसाहत फार दूर नाही. ती उभी राहिली त्याला आता साठेक वर्षे झाली. एवढ्या जवळ एवढे कारखाने असताना गिरणाऱ्याचा बाजार अजून भरतो कसा, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत होता. अर्थशास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. वाचनालयातून आणून जमेल तसे वाचले. त्यात आर्थर लुईस भेटला आणि प्रश्नाचे एक टोक हाती लागले.

लुईस वेस्ट इंडीजमधल्या सेंट लुसिया या छोट्या बेटावर १९१५ साली जन्मला. त्याच्या भागात ऊस हेच मोठे पीक. साखरेच्या धंद्यात उत्पादकता भराभर वाढली, पण ऊसतोड्याची मजुरी होती तिथेच राहिली. असे का, याचे उत्तर १९५२ च्या ऑगस्टमध्ये बँकॉकच्या रस्त्याने चालताना आपल्याला एकाएकी सुचले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, त्याचा तो प्रसिद्ध निबंध छापून आला. देशात दोन क्षेत्रे असतात, असे तो मांडतो. एक पोटापुरते पिकवणारे, तिथे माणसे गरजेपेक्षा जास्त. दुसरे नफ्यासाठी चालणारे, तिथे भांडवल आहे पण हात हवे आहेत. पहिल्यातून दुसऱ्यात माणसे हळूहळू सरकतात, आणि ती सरकत असतात तोवर मजुरी वाढत नाही.

हे एका घराच्या हिशोबातून पाहू. आकडे समजुतीपुरते आहेत. पेठ तालुक्यात डोंगरउतारावर एका कुटुंबाची थोडी जमीन आहे. नागली, वरई, भात मिळून वर्षाला १५ क्विंटल धान्य होते आणि घरात कामाची पाच माणसे आहेत. एकत्र कुटुंबात कोण किती राबला याचा हिशोब कुणी ठेवत नाही. जे पिकते ते वाटून खातात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ३ क्विंटल. आता धाकटा बाहेर पडला. उरलेले चौघे जरा जास्त राबले तर पीक जवळपास तेवढेच येईल. धाकट्यामुळे पिकात भर पडत होती फारच थोडी, पण खायला मिळत होते ३ क्विंटल. त्यामुळे ३ क्विंटलपेक्षा कमी मोबदल्यावर तो घर सोडणार नाही. वर गाव सुटण्याचे दुःख, खोलीभाडे, बसचे तिकीट. लुईसच्या अंदाजाने हा फरक साधारण ३० टक्के किंवा थोडा जास्त असतो. तर त्याची मजुरी ठरली ४ क्विंटलच्या किमतीएवढी.

आता कारखान्यात जाऊ. तिथे धाकट्याच्या हातून १० क्विंटलच्या किमतीचे काम निघते. नवे यंत्र आले की २० क्विंटलचे निघेल. पण मजुरी ४ च राहते, कारण फाटकाबाहेर त्याच्यासारख्याच दुसऱ्या घरांतले धाकटे उभे आहेत. पहिल्या खेपेला मालकाला ६ उरतात, दुसऱ्या खेपेला १६. या उरलेल्यातून मालक दुसरे यंत्र आणतो, त्यावर दुसरा धाकटा लागतो, तोही ४ वरच. लुईसला यात अन्यायापेक्षा गती दिसली. नफा पुन्हा कारखान्यात पडत राहिला तर एक दिवस जादा माणसे संपतील आणि त्यानंतर मजुरी चढू लागेल.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच वाटते. कारखान्याचा पगार ठरवणारा तो ३ चा आकडा कारखान्यात तयार होत नाही. तो पेठच्या उतारावर तयार होतो. म्हणून शेती गरीब राहण्यात मजूर लावणाऱ्यांचा फायदा असतो, हे लुईसने स्पष्ट लिहिले आहे. आफ्रिकेत साम्राज्यवाद्यांनी जमिनी काढून घेतल्या, कर लादले, त्याचे कारण तो हेच सांगतो.

पेठला कुणी मुद्दाम गरीब ठेवले असे मी म्हणत नाही. तिथे भूगोलच पुरेसा आहे. पेठ आणि सुरगाण्यावर पाऊस धो धो पडतो, पण दमणगंगा, पार, नार या नद्या ते पाणी घेऊन पश्चिमेला गुजरातकडे उतरतात. दसऱ्यानंतर रानात करण्यासारखे काही उरत नाही. घाटमाथ्याच्या अलीकडे दिंडोरी, निफाडला पावसाचे मान कमी, पण धरणे आणि कालवे आहेत. तिथे दुसरे पीक आहे, द्राक्ष आहे. पाणलोटाची एक रेघ ओलांडली की घरचे ३ बदलून जातात. त्यामुळे गिरणाऱ्याला निफाडचा शेतकरी मजूर शोधायला येतो आणि पेठचा शेतकरी मजूर म्हणून येतो.

मग साठ वर्षांत जादा माणसे का संपली नाहीत? एक कारण घरातच आहे. धाकटा गेल्यावर चौघांच्या वाट्याला पावणेचार क्विंटल यायला हवे होते, म्हणजे पुढच्याला बाहेर काढायला जास्त मजुरी द्यावी लागली असती. पण तोवर थोरल्याची दोन पोरे कामाला आलेली असतात.

दुसरे कारण ‘जादा’ या शब्दात आहे. लुईसबरोबर १९७९ चे नोबेल वाटून घेतलेल्या थिओडोर शुल्ट्झचा जादा माणसांवर विश्वासच नव्हता. १९१८-१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत हिंदुस्थानात लाखो माणसे मेली, तेव्हा पेराही घटला. मग शेतीत माणसे जादा होती कशी, असे तो विचारतो. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये या पुराव्यावर आक्षेप घेतला. साथीत घरेच्या घरे बसतात. प्रत्येक घरातून एकेक माणूस कामाला जाणे ही वेगळी गोष्ट आहे. वाद मोठा आहे, पण भाताची आवणी पाहिलेल्याला दोघांचेही थोडे थोडे पटेल. आवणीच्या दिवसांत पेठमध्ये एकही हात जादा नसतो, दसऱ्यानंतर बहुतेक सगळे जादा असतात. ही माणसे वर्षभराची जादा नाहीत, हंगामाची आहेत. बारमाही हजेरी मागणाऱ्या कारखान्याला ती पुरी मिळत नाहीत. द्राक्षबागेला मात्र नेमकी तेव्हाच हवी असतात, कारण ऑक्टोबरची छाटणी आणि आवणी एकमेकांच्या आड येत नाहीत.

तिसरे कारण मी स्वतः अनुभवले. तरुणपणी एका कारखान्यात मी ठेकेदाराकडून लागलो होतो. शेजारच्या यंत्रावरचा कायम कामगार युनियनच्या करारामुळे माझ्या कितीतरी पट पगार घ्यायचा. काम एकच, फाटक एकच, पगार दोन. लुईसच्या चित्रात कारखान्यात मजुरीचा दर एकच होता. आमच्याकडे कायम कामगार महाग झाला तेव्हा मालकाने नफ्यातून माणसे कमी लागणारे यंत्र आणले, आणि उरलेली कामे ठेकेदाराच्या माणसांकडे गेली. नफा कारखान्यातच पडला, पण त्यातून दुसरा धाकटा लागला नाही. लुईसच्या साखळीतली ही कडी सर्वांत कच्ची आहे.

तळचा ३ चा आकडा वर सरकवणाऱ्या दोन गोष्टी आपल्याकडे घडल्या. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. गावातच खडी फोडून रोज मिळू लागला की नाक्यावर उभा राहणारा माणूस थोडा ताठ होतो. मजूर मिळत नाहीत ही बागायतदारांची तक्रार त्याचीच पावती समजावी. दुसरी गोष्ट १९८० ची. शरद जोशींनी याच जिल्ह्यात कांदा-उसाच्या भावासाठी रस्ते अडवले. शेतमालाचा भाव चढला की शेतकऱ्याच्या घरचे ३ चढतात आणि शहरातल्या कामगाराचे जेवणही महागते, म्हणजे दोन्ही बाजूंनी मजुरीवर दाब येतो. कांदा महागला की सरकार निर्यात का रोखते, याचा उलगडा मला लुईसच्या निबंधातून जितका झाला तितका वर्तमानपत्रांतून झाला नाही.

जादा माणसे संपत आल्याची खूण म्हणजे मालक नाक्यावर न थांबता मजुराच्या पाड्यापर्यंत जातो. अलीकडे काही बागायतदार पावसाळ्यातच पेठच्या पाड्यांवर जाऊन टोळीला उचल देऊन येतात, बागेत राहायला खोली बांधून देतात, जायला-यायला गाडी पाठवतात. सातपूर-अंबडच्या ठेकेदाराची गाडी मात्र मी अजून कुठल्या पाड्यावर पाहिलेली नाही.