‘पासून’ची तीन दारं

शेजारची मुलगी नोकरीच्या अर्जाचा मसुदा घेऊन आली. ‘काका, फक्त स्पेलिंग बघा, बाकी इंग्रजी ठीक आहे,’ म्हणाली. स्पेलिंग खरोखरच ठीक होतं. मजकूर असा होता: ‘आय ॲम वर्किंग इन अ पॅथॉलॉजी लॅब सिन्स फाइव्ह इयर्स. आय हॅव जॉइन्ड इट इन जून २०२१. बिफोर दॅट आय हॅव वर्क्ड इन सातारा फॉर टू इयर्स. आय ॲम हँडलिंग द रिपोर्ट सेक्शन सिन्स लास्ट इयर. आय नो द सॉफ्टवेअर सिन्स अ लाँग टाइम. सिन्स माय फादर इज नॉट वेल, आय वॉन्ट अ जॉब इन सांगली.’ खाली तारीख होती, ऑक्टोबर २०२५.

यातलं पहिलं वाक्य मराठीत म्हणून बघा. ‘मी पाच वर्षांपासून एका लॅबमध्ये काम करते आहे.’ मराठीत त्यात तसूभरही चूक नाही. तिने ते शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं आणि चूक झाली. दोष आहे तो आपल्या ‘पासून’चा. तो फार उदार शब्द आहे. घरापासून स्टेशनपर्यंत, २०२१पासून आणि पाच वर्षांपासून, तिन्हीकडे तोच चालतो. इंग्रजीत मात्र याला तीन वेगळी दारं आहेत. घरापासून म्हणताना ‘फ्रॉम’, २०२१पासून म्हणताना ‘सिन्स’ आणि पाच वर्षांपासून म्हणताना ‘फॉर’. या घोटाळ्यात आपण एकटे नाही. हिंदीचा ‘से’, जर्मनचा ‘झाइट’ आणि फ्रेंचचा ‘दप्वी’ हे सगळे सुरुवातीच्या क्षणालाही चालतात आणि लोटलेल्या काळालाही. त्यामुळे जर्मन माणूस इंग्रजी शिकताना नेमका आपल्यासारखाच अडखळतो.

शाळेत नियम सांगतात की काळाचा बिंदू असेल तर सिन्स आणि काळाची लांबी असेल तर फॉर. नियम बरोबर आहे, पण लिहिण्याच्या ओघात तो आठवत नाही. मला मराठीतूनच करता येणारी एक चाचणी जास्त उपयोगी वाटते. वाक्यातला ‘पासून’ काढा आणि पुढे ‘गेला, गेली, गेले’ लावून बघा. ‘गेली पाच वर्षं काम करते आहे’ हे सहज जमतं, म्हणजे इथे फॉर. ‘गेला जून २०२१ काम करते आहे’ हे जमत नाही, म्हणजे इथे सिन्स. ‘लहानपणापासून’ किंवा ‘लग्न झाल्यापासून’ यांतूनही ‘पासून’ काढता येत नाही, तिथे सिन्सच. या चाचणीत फसवणारी एकच जागा आहे. ‘गेल्या वर्षापासून’ आणि ‘गेले वर्षभर’ हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्याला ‘सिन्स लास्ट इयर’, दुसऱ्याला ‘फॉर द लास्ट इयर’. आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं ‘सिन्स लास्ट थ्री इयर्स’ या दोघांच्या सरमिसळीतून जन्मलं आहे. ते ‘फॉर द लास्ट थ्री इयर्स’ असायला हवं.

पण शब्द बदलला तरी क्रियापद अडून बसतंच. चालू असलेल्या कामासाठी मराठीला साधा वर्तमानकाळ पुरतो: राहतो, करते आहे, ओळखतो. इंग्रजीला तिथे प्रेझेंट परफेक्ट लागतो: हॅव लिव्ड, हॅव बीन वर्किंग, हॅव नोन. शाळेत याला ‘पूर्ण वर्तमानकाळ’ म्हणतात, आणि माझ्या मते निम्मा गोंधळ या नावानेच घातला आहे. कारण मराठीत ‘मी नाशिकला दोन वर्षं राहिलो आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, कधीतरी राहून आला असेल, आता नाही. इंग्रजीत ‘आय हॅव लिव्ड इन नाशिक फॉर टू इयर्स’ म्हटलं की साधारणपणे अर्थ होतो, अजून तिथेच आहे. नाशिक सोडलं असेल तर ‘आय लिव्ड इन नाशिक फॉर टू इयर्स’. म्हणजे फॉर दोन्ही काळांत चालतं, आणि काम संपलं की चालू आहे हे क्रियापद सांगतं.

हे डोक्यात ठेवून आम्ही मसुदा पुन्हा घेतला. व्याकरण बाजूला ठेवून तिला आधी फक्त काळ दाखवणाऱ्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढायला सांगितली. सिन्स फाइव्ह इयर्स, इन जून २०२१, फॉर टू इयर्स, सिन्स लास्ट इयर, सिन्स अ लाँग टाइम. शेवटच्या वाक्यातल्या सिन्सखालीही तिने रेघ मारली होती, ती खोडायला लावली. तिथे सिन्सचा अर्थ ‘कारण’ असा आहे, काळाशी त्याचा संबंध नाही.

मग प्रत्येक रेघेसाठी एकच प्रश्न विचारला: हा काळ आजच्या दिवसापर्यंत येऊन टेकतो का? साताऱ्याची दोन वर्षं टेकत नाहीत, ती २०२१च्या आधीच संपली. म्हणून ‘हॅव वर्क्ड’ जाऊन ‘वर्क्ड’ आलं, फॉर मात्र जागच्या जागी राहिलं. ‘इन जून २०२१’ हा मागे राहिलेला ठरावीक क्षण, त्याच्याबरोबर ‘हॅव’ बसतच नाही. तिथे नुसतं ‘जॉइन्ड’. रिपोर्ट विभागाचं काम अजून तिच्याकडेच आहे. तिथे ‘सिन्स लास्ट इयर’ तिने बरोबर लिहिलं होतं, बदललं फक्त क्रियापद: ‘आय हॅव बीन हँडलिंग’. सॉफ्टवेअरच्या वाक्यात दोन्ही गोष्टी चुकल्या होत्या. ‘बऱ्याच दिवसांपासून’ ही लांबी आहे, म्हणून ‘फॉर अ लाँग टाइम’. आणि ‘नो’ला आयएनजीचं रूप सोसत नाही, म्हणून ‘हॅव नोन’.

शेवटी हिशेब केला. जून २०२१ ते ऑक्टोबर २०२५ म्हणजे सव्वाचार वर्षांहून थोडं जास्त. पाच नाहीत. व्याकरण कितीही सुधारलं असतं तरी मुलाखत घेणाऱ्याने ही दोन वाक्यं शेजारी ठेवून नेमका हाच प्रश्न विचारला असता. पहिलं वाक्य झालं: ‘आय हॅव बीन वर्किंग इन अ पॅथॉलॉजी लॅब फॉर ओव्हर फोर इयर्स.’

जाता जाता तिने मला पकडलंच. ‘काका, पण “मला इथे येऊन चार वर्षं झाली” याचं काय? यात तर पासून नाहीच.’ इंग्रजीत ते होतं ‘इट इज फोर इयर्स सिन्स आय केम हिअर.’ मराठीत पासून नाही तरी इंग्रजीत सिन्स आला, आणि वर चार वर्षांची लांबीही त्याच वाक्यात. आकडा दिसला की फॉर, असं पाठ करणारे इथे हमखास घसरतात. सिन्सच्या आधी काय आहे ते बघायचंच नाही, नंतर काय येतं ते बघायचं. नंतर आहे ‘आय केम हिअर’, म्हणजे येण्याचा तो एक दिवस. चार वर्षं हे त्या दिवसापासून आजपर्यंतचं मोजमाप आहे, एवढंच.

तिने ते वाक्य मसुद्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं आणि ‘केम’खाली दोनदा रेघ ओढली.